दम्याचे दोन पंप: कोणता कशासाठी?

मावशीचा प्रश्न होता, "निळ्या पंपाने लगेच मोकळं वाटतं, मग दुसरा रोज कशाला घ्यायचा?"

निळ्यातलं साल्ब्युटामॉल श्वासनळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतं. पाचेक मिनिटांत श्वास सुटतो, पण चार ते सहा तासांत परिणाम ओसरतो आणि आतली सूज तशीच राहते. दुसऱ्यातलं ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड ती सूज उतरवतं, पण त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून घेतल्या घेतल्या काही जाणवत नाही आणि लोक तोच आधी सोडतात. खरं तर निळा पंप वारंवार लागणं हीच सूज वाढल्याची खूण.

मावशी पंप दाबून मग श्वास घ्यायची, त्यामुळे फवारा घशावरच आदळायचा. पंपाला स्पेसर हे पोकळ नळकांडं लावलं की मोठे थेंब त्यातच बसतात, बारीक थेंब फुप्फुसात जातात आणि दाबण्याची वेळ साधावी लागत नाही. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, एकच फवारा मारा, हळू खोल श्वास घ्या, दहा सेकंद रोखा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळवा; फडक्याने पुसला तर स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतींना चिकटतं. स्टेरॉइडनंतर चूळ भराच, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते.

अचानक धाप लागली तर निळा. आठवड्यातून अनेकदा लागत असेल किंवा रात्री खोकल्याने जाग येत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजचा स्टेरॉइड. लहान मुलांना स्पेसरला मास्क जोडून. कॅप्सूलच्या भुकटीच्या यंत्राला मात्र स्पेसर चालत नाही, तिथे श्वास जोरात ओढावा लागतो.