लँडलाइनवरचं ब्रॉडबँड: मोडेमचं Statistics पान आणि मायक्रोफिल्टर, काही महिन्यांच्या वापरानंतर

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याचं रिडेव्हलपमेंट कित्येक वर्षं "यंदा नक्की" या टप्प्यावर अडकलंय, त्यामुळे आत फायबर ओढायला कोणी तयार नाही. नेट अजून तांब्याच्या लँडलाइनवर. पावसाळ्याआधी जुना मोडेम गेला तेव्हा तापकीर गल्लीतून नवा एडीएसएल २ प्लस मोडेम घेतला. वायफाय यथातथा, मधल्या दोन भिंती ओलांडताना दमतं. त्यावर जास्त लिहीत नाही. मोडेमचं खरं कौतुक आहे ते त्याच्या आकड्यांच्या पानाचं. ब्राउझरमध्ये `192.168.1.1` उघडून Statistics मध्ये गेलं की लाइनची कुंडली समोर येते. सुरुवातीला आमची अशी होती:

```
                         Downstream  Upstream
SNR Margin (0.1 dB):             61        74
Attenuation (0.1 dB):           284       153
Attainable Rate (Kbps):        9980      1130
Rate (Kbps):                   9742      1020
```

पहिल्या दोन ओळींतले आकडे दहाने भागायचे, म्हणजे मार्जिन ६.१ डेसिबल. Rate म्हणजे सिंक स्पीड, एक्सचेंज आणि मोडेम यांच्यात त्या तारेवर ठरलेला वेग. स्पीड टेस्टला तो पूर्ण कधीच दिसत नाही. डेटा ५३ बाइट्सच्या पुडक्यांतून जातो आणि त्यातले ५ बाइट्स पत्त्यातच जातात, वर बाकीची हेडरं. त्यामुळे ९७४२ च्या सिंकवर साधारण सव्वाआठ एमबीपीएस मिळाले तर कंपनीशी भांडू नका, हिशोब बरोबर आहे.

मार्जिनचा मात्र बहुतेकांचा उलटा समज असतो. एडीएसएल २ प्लस ही तार ४.३ किलोहर्ट्झच्या ५१२ पट्ट्यांमध्ये वाटून घेतं. सिंक होताना प्रत्येक पट्टीत गोंगाटाच्या वर सिग्नल किती उरतो ते मोजून तिथे किती बिट टाकायचे ते ठरतं. एक बिट वाढवायला साधारण ३ डेसिबल लागतात. हे ठरवताना थोडी जागा राखून ठेवतात, सहसा ६ डेसिबल. ती राखीव जागा म्हणजे मार्जिन. म्हणून नुकत्याच सिंक झालेल्या मोडेमवर ६ च्या आसपासचा आकडा दिसला तर त्यावरून लाइन चांगली की वाईट हे कळतच नाही. वाईट लाइनवरही तो ६ च दाखवील, फक्त वेग कमी घेऊन.

खरी माहिती मिळते ती आकडा नंतर कसा हलतो त्यातून. सकाळी ६ होता आणि संध्याकाळी २ झाला, म्हणजे गोंगाट वाढला. शून्याच्या जवळ गेला की चुका वाढतात आणि मोडेम लाइन सोडून नव्याने सिंक करतो. या वेळी गोंगाट धरूनच हिशोब होतो, म्हणून वेग खाली येतो आणि मार्जिन परत ६! इथे माणूस फसतो. नुसतं मार्जिन पाहिलं तर सगळं आलबेल वाटतं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी वाचायचे. एक अपवाद: एक्सचेंजने तुमचा वेग प्लॅनप्रमाणे बांधून ठेवला असेल तर तारेची उरलेली ताकद मार्जिनमध्ये जमा होते, तेव्हा १२-१५ सुद्धा दिसतं. ते चांगलंच.

आता आमच्या घराचं. तक्रार अशी की फोन वाजला की नेट जायचं. हॉलमध्ये मोडेम आणि फोन स्प्लिटरवर, म्हणजे आवाज आणि डेटा वेगळे करणाऱ्या डबीवर, नीट जोडलेले होते. पण रोझेटपासून एक जुनी वायर आत आत्याच्या खोलीत गेली होती, स्प्लिटरच्या आधीच फुटलेली, आणि तिच्या टोकाला जुना डबडा फोन, फिल्टरशिवाय. मी हॉलमध्ये पान रिफ्रेश करत बसलो आणि एकेक रिसीव्हर उचलायला सांगितला. हॉलमधला उचलला: ६.१ चं ६.०. आत्याने उचलला: थेट १.८, आणि CRC चा, म्हणजे चुकांचा, आकडा धावायला लागला. आतून आवाज, "अरे, ठेवू का आता? कान दुखला माझा!" ठेवल्यावर परत ६.

कारण सरळ आहे. बोलणं ४ किलोहर्ट्झच्या खालीच संपतं, डेटा साधारण २५ किलोहर्ट्झपासून वर २२०० पर्यंत चालतो. पण फोनच्या आतल्या सर्किटला हा फरक कळत नाही. ते वरचा सिग्नलही थोडा पिऊन टाकतं, आणि रिसीव्हर उचलला की लाइनवरचा भार एकदम बदलतो. रिंग येते तेव्हा तर ७५ व्होल्टच्या आसपास एसी तारेवर असतो, त्याचे झटके वेगळेच. मायक्रोफिल्टर म्हणजे छोट्या डबीतली कॉइल आणि कपॅसिटर. आवाज फोनपर्यंत जाऊ द्यायचा, वरच्या फ्रिक्वेन्सीला दार बंद. म्हणून तो प्रत्येक फोनला लागतो, फॅक्स आणि कॉलर आयडीच्या डबीलासुद्धा. एकच राहिला तरी बाकीच्यांचा उपयोग नाही. मोडेमला मात्र फिल्टरच्या मागे जोडायचं नाही, नाहीतर सिंकच होणार नाही.

आत्याच्या फोनला फिल्टर लावला आणि मोडेम बंद-चालू केला. हे करावं लागतं, कारण आमच्या लाइनवर सुटलेली जागा मोडेम चालू सिंकमध्ये आपणहून वापरत नाही. सिंक गेला ११,८०० वर, आणि फोन उचलल्यावर मार्जिन जेमतेम हललं. गंमत अशी की फिल्टर काढून तो फोन सॉकेटमधून पूर्ण उपटला तरी जवळपास तेवढाच आकडा आला. म्हणजे रिसीव्हर खाली असतानाही तो फोन वेग खात होता.

तरी ती आत जाणारी वायर राहिलीच. फिल्टर उपकरणाला अडवतो, वायरला नाही. अशा लोंबत्या फाट्यात सिग्नल जातो, टोकावर आपटून परत येतो आणि काही पट्ट्या खराब करतो. म्हणून मग स्प्लिटर जिथे तार घरात येते तिथे, रोझेटलाच नेला. मोडेमसाठी त्याच्या MODEM खाचेतून वेगळी वायर, आणि घरातले सगळे फोन PHONE खाचेतून. सिंक १३,४०० आणि मार्जिन ६.३. Attenuation २८.४ वरून २८.१, म्हणजे तसाच. तो मुख्यतः एक्सचेंजपासूनच्या अंतराचा आकडा, घरातल्या करामतींनी फारसा बदलत नाही. आमच्या मानाने शंभर-दीडशे रुपयांच्या डबीने आणि थोड्या वायरने प्लॅन न बदलता हे मिळालं.

फिल्टरने पाऊस थांबत नाही, हेही सांगायला हवं. जुलैत मार्जिन परत ढासळू लागलं. अशा वेळी घरातलं सगळं उपटून फक्त मोडेम रोझेटला लावून पाहायचं. तरी आकडा पडत असेल तर दोष बाहेर, बहुतेक टेलिफोनच्या डीपी बॉक्समधल्या नाहीतर खांबावरच्या ओल्या जोडात. लाइनमन आला, रिसीव्हर कानाला लावला, "डायल टोन आहे की साहेब, लाइन ओके." डायल टोन ओल्या जोडातूनही येतो. त्याला कोरड्या दिवसाचा आणि पावसाचा असे दोन स्क्रीनशॉट दाखवले तेव्हा शिडी निघाली. जोड कापून नवा केला, त्यातून हिरवट भुकटी पडली. संध्याकाळी मार्जिन जागेवर.

मोडेमबद्दल एकच राग. बंद-चालू केला की मागचे सगळे आकडे पुसले जातात, आणि पेठेत दुपारी लाइट जाते तेव्हा आपोआप पुसले जातात. म्हणून आता फोटो काढून ठेवतो. फिल्टर घेणाऱ्यांनी एक जास्तीचा घ्यावा. तोही बिघडतो, आणि दुसरा लावून पाहण्याशिवाय ते ओळखायची घरगुती युक्ती नाही.