यार्डात दोन जागा वाढवाव्यात की गाडी लवकर रिकामी करावी? परत जाणाऱ्या ट्रकांच्या हिशेबाने तुलना

भिवंडी परिसरातील गोदामांसारखे एक गोदाम डोळ्यांसमोर ठेवू. त्याला माल उतरवण्याचा एकच धक्का आहे आणि आवारात धक्क्यावरची एक गाडी धरून एकूण चारच ट्रक मावतात. बाहेरच्या रस्त्यावर गाडी उभी करण्याची परवानगी नसल्यामुळे पाचवा ट्रक आला की रखवालदार त्याला फाटकावरूनच परत पाठवतो. ताशी सरासरी चार ट्रक येतात आणि एक गाडी रिकामी करण्यास सरासरी बारा मिनिटे लागतात, म्हणजे धक्क्याची क्षमता ताशी पाच गाड्यांची आहे. हे आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत. मालकापुढे दोन पर्याय आहेत: शेजारची मोकळी पट्टी भाड्याने घेऊन आवारात आणखी दोन गाड्यांची सोय करणे, किंवा माथाडी कामगारांची जादा टोळी लावून एका गाडीचा वेळ बारावरून दहा मिनिटांवर आणणे.

येणाऱ्या गाड्यांचा वेग λ, धक्क्याचा वेग μ, त्यांचे गुणोत्तर ρ = λ/μ आणि आवारातील एकूण जागा K असे मानले, तर आवार भरलेले असण्याची शक्यता पुढील सूत्राने मिळते.

```
P_K = (1 − ρ) ρ^K / (1 − ρ^(K+1))     (ρ ≠ 1)
P_K = 1 / (K + 1)                     (ρ = 1)
λ_e = λ (1 − P_K)
```

हे सूत्र M/M/1/K या प्रतिमानाचे आहे. गाड्या एकमेकींशी संबंध न ठेवता, यादृच्छिक वेळी येतात आणि माल उतरवण्याचा वेळ घातांकी वितरणाने बदलतो, ही त्याची दोन गृहीतके आहेत. पहिल्या गृहीतकामुळेच ‘आवार किती वेळ भरलेले असते’ आणि ‘किती गाड्यांना ते भरलेले आढळते’ ही दोन प्रमाणे एक होतात. गाड्यांना आधी वेळ नेमून दिलेली असेल, तर ही समानता टिकत नाही आणि हे सूत्र वापरता येत नाही.

आता सध्याची स्थिती मांडू. ρ = 0.8 आणि K = 4 असताना ० ते ४ गाड्या असण्याच्या स्थितींची वजने 1, 0.8, 0.64, 0.512 आणि 0.4096 अशी येतात व त्यांची बेरीज 3.3616 होते. शेवटचे वजन बेरजेने भागले की P_K ≈ 0.122 मिळते, म्हणजे साधारण आठांतला एक ट्रक परत जातो. प्रभावी आगमन वेग λ_e, म्हणजे प्रत्यक्ष आत येणाऱ्या गाड्यांचा वेग, ताशी ३.५१ ठरतो. हा हिशेब पडताळण्याचा एक सोपा मार्ग आहे. आत आलेली प्रत्येक गाडी कधीतरी धक्क्यावरून रिकामी होऊन जाते, म्हणून μ(1 − P_0) हाही आकडा तेवढाच यायला हवा. येथे धक्का मोकळा असण्याची शक्यता 1/3.3616, म्हणजे सुमारे 0.297 आहे आणि 5 × 0.7025 करूनही ३.५१ येतात. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर बहुतेक वेळा K मोजताना धक्क्यावरची गाडी एका ठिकाणी धरली आणि दुसऱ्या ठिकाणी सोडली, असे झालेले असते. ती गाडी विसरून सर्वत्रच K = 3 धरले, तर दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात, पण परत जाण्याची शक्यता फुगून १७ टक्क्यांवर जाते. म्हणून आवारातील जागा प्रत्यक्ष जाऊन मोजलेल्या बऱ्या.

दोन्ही पर्यायांसाठी हीच आकडेमोड केली की पुढील चित्र दिसते. आवारातील सरासरी वेळ काढताना आवारातल्या गाड्यांच्या सरासरी संख्येला λ_e ने भागले आहे. तेथे λ ने भागणे ही नेहमी आढळणारी चूक आहे, कारण परत गेलेला ट्रक आवारात थांबलेलाच नसतो.

| | सध्या | दोन जागा जादा | जादा टोळी |
|---|---|---|---|
| परत जाण्याची शक्यता | १२.२% | ६.६% | ७.६% |
| प्रभावी आगमन वेग (ताशी) | ३.५१ | ३.७३ | ३.७० |
| आवारातील सरासरी वेळ | २६.७ मि. | ३४.४ मि. | २०.२ मि. |

फक्त पहिल्या दोन ओळी पाहिल्या, तर जागा वाढवणे किंचित सरस वाटते. दहा तासांच्या पाळीत सध्या सुमारे पाच ट्रक परत जातात. जागा वाढवल्यास ही संख्या २.७ पर्यंत आणि टोळी वाढवल्यास तीनपर्यंत येते. फरक अगदी थोडा आहे. तिसरी ओळ मात्र उलट बोलते. नव्या जागांमुळे जे ट्रक आत येऊ लागतात ते रांग लांबवतात, त्यामुळे प्रत्येक चालकाचा आवारातील वेळ सुमारे आठ मिनिटांनी वाढतो. जादा टोळीमुळे तो साडेसहा मिनिटांनी घटतो. खोळंब्याचे भाडे गोदामाला भरावे लागत असेल, तर या ओळीला पहिल्या ओळीइतकेच वजन द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गर्दीच्या तासांत तर निकालच फिरतो. ताशी सहा ट्रक येऊ लागले, तर पहिल्या पर्यायात ρ = 1.2 होतो आणि सहा जागा असूनही २३ टक्के गाड्या परत जातात. दुसऱ्या पर्यायात ρ = 1 असल्यामुळे सूत्राचे दुसरे रूप लागू होते आणि उत्तर पाचांत एक, म्हणजे २० टक्के येते. पहिल्या पर्यायात जागा कितीही वाढवल्या तरी धक्का ताशी पाचांपेक्षा जास्त गाड्या हाताळू शकत नाही, म्हणून सहांपैकी किमान एक, म्हणजे १६.७ टक्के गाड्या परत जाणारच. आवार फक्त लांब रांगेने भरत राहील. दोन्ही पर्यायांची परत पाठवण्याची शक्यता ताशी साडेचार ट्रकांच्या जवळपास सारखी होते, दोन्हीकडे सुमारे १० टक्के. त्याखाली जागा थोडी सरस आणि त्यावर टोळी सरस ठरते.

म्हणजे सारा निर्णय λ किती अचूक मोजला यावर येतो, आणि तो मोजतानाच फसगत होते. फाटकावरच्या नोंदवहीत आत आलेल्याच गाड्या लिहिलेल्या असतात. ती संख्या λ_e आहे, λ नाही. आपल्या उदाहरणात नोंदवहीतले ३.५१ हेच आगमन धरले, तर परत जाण्याची शक्यता ८.७ टक्केच निघते आणि खऱ्या १२.२ टक्क्यांमधला बराचसा भाग दिसेनासा होतो. यावर उपाय म्हणजे परत पाठवलेल्या प्रत्येक गाडीची वेळ रखवालदाराने वेगळ्या रकान्यात लिहावी आणि गाडीचा क्रमांकही टिपावा. क्रमांक यासाठी, की परत गेलेला ट्रक तासाभराने पुन्हा फाटकावर येत असेल, तर तो हातचा गेलेला नसतो. तो पुढच्या तासाची गर्दी वाढवतो आणि वरचे सूत्र त्याची दखल घेत नाही. अशा पुनरागमनांचे प्रमाण मोठे असेल, तर वरचे सारे टक्के प्रत्यक्षापेक्षा कमी समजावेत.

नोंद दिवसाची सरासरी काढून नव्हे, तर तासागणिक पाहावी. सकाळी ताशी सहा आणि दुपारी ताशी दोन ट्रक येत असतील, तर सरासरी चारच निघते, पण सकाळची गळती सरासरीच्या हिशेबात सापडत नाही. अशा गोदामाने वर्षभराच्या भाड्याची पट्टी घेण्यापेक्षा सकाळच्या तासांपुरती जादा टोळी ठरवावी. दिवसभर आगमन ताशी चारच्या आसपास स्थिर असेल, खोळंब्याचे भाडे लागत नसेल आणि पट्टी स्वस्तात मिळत असेल, तर मात्र जागा वाढवणे योग्य ठरेल.