दोनच बाटल्या परवडतात: मग कोणत्या घ्यायच्या?

शिकत असताना केसांवर खर्च करायला फार पैसे हातात नसतात, आणि खरं तर चारच पर्यायांतून निवडायचं असतं: नुसता शाम्पू, शाम्पू-कंडिशनर एकत्र असलेली 'टू-इन-वन' बाटली, शाम्पू आणि वेगळा कंडिशनर, किंवा शाम्पू आणि धुण्याआधी लावायचं तेल. सीरम, मास्क, स्प्रे मी सुरुवातीलाच बाजूला ठेवले आहेत. त्यांचं बरंचसं काम कंडिशनर करतो. कसं ते पुढे सांगते. माझं मत मात्र आधीच सांगून टाकते. केस हनुवटीच्या वर असतील तर एकच बाटली पुरते. त्याखाली गेले की दुसरी बाटली कंडिशनरची हवी, आणि पैसे वाचवायचे ते शाम्पूत.

असं का, हे केसाच्या वयावरून कळतं. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो. म्हणजे तुमचा केस 40 सेंटीमीटर लांब असेल, तर मुळाजवळचा भाग या महिन्यातला आणि खालचं टोक तीन वर्षांहून जुनं. आठवड्यातून दोनदा न्हात असाल, तर त्या टोकाने साडेतीनशेच्या आसपास धुणी सोसलेली असतात. शिवाय रोजचा कंगवा, उन्हाचा मारा, उशीवरची घासाघीस वेगळीच. घाम आणि तेल साचतं टाळूवर, झिजतात ती टोकं. शाम्पूची गरज टाळूला आहे, कंडिशनरची टोकांना. आपण बहुतेक जण नेमकं उलट करतो: केसांचा डोक्यावर अंबाडा करून त्यात भरपूर शाम्पू चोळतो, आणि कंडिशनर 'चैनीची वस्तू' म्हणून घेतच नाही.

कंडिशनरमध्ये काय असतं, ते थोडक्यात. झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार जास्त असतो. कंडिशनरमधल्या मुख्य घटकांवर धन भार असतो, म्हणून ते जिथे झीज जास्त तिथेच जास्त चिकटतात आणि पाण्याने धुतल्यावरही पातळ थर मागे ठेवतात. त्या थरामुळे ओले केस एकमेकांवरून सरकतात, गुंता सुटतो आणि विंचरताना केस तुटत नाहीत. हे काम स्वस्त कंडिशनरही करतो. वेष्टणावरच्या यादीत सीटिल किंवा सीटिअरिल अल्कोहोल पाण्यानंतर लगेच आलं असेल आणि जवळपास बेहेनट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड असेल, तर बाटली कामाची आहे. 'अल्कोहोल' वाचून घाबरू नका. हे मेणासारखे घट्ट पदार्थ आहेत, केस कोरडे करत नाहीत.

त्याच यादीवरून महागड्या बाटलीची पारखही होते. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. फक्त 1 टक्क्यापेक्षा कमी असलेले शेवटी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. फिनॉक्सीएथेनॉल हे टिकवण्यासाठी घातलेलं द्रव्य सहसा 1 टक्क्यापर्यंतच असतं. तेव्हा बाटलीवर ज्या अर्काचं मोठं चित्र आहे त्याचं नाव यादीत फिनॉक्सीएथेनॉलनंतर आलं, तर तो अर्क थेंबाथेंबाचाच समजा. शाम्पू तर दोन मिनिटांत वाहून जातो. अर्कासाठी जास्त पैसे मोजावेत असं मला त्यात कधीच वाटलं नाही.

आता एक प्रत्यक्ष हिशोब. माझ्या रूममेटचे केस पाठीच्या मध्यापर्यंत, लाटेसारखे, खाली राठ. तिचं म्हणणं होतं, "मला एकच बाटली परवडते, कंडिशनर कुठून आणू?" आम्ही खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण धुऊन घेतलं आणि ती नेहमी हातावर घेते तेवढा शाम्पू त्यात मोजला. दोनदा फेस करायची, त्यात मिळून 22 मिलिलिटर जात होते. म्हणजे 200 मिलिलिटरची बाटली नऊ धुण्यांत खलास, आणि आठवड्याला दोन धुणी धरली तर वर्षाला अकरा-बारा बाटल्या.

मग पद्धत बदलली. 8 मिलिलिटर शाम्पू मगमध्ये घ्यायचा, अर्धा मग पाणी घालून ढवळायचा आणि भिजलेल्या टाळूवर भागाभागाने ओतून बोटांच्या पेरांनी चोळायचा. लांब केसांना वेगळा शाम्पू लावायचाच नाही; धुताना खाली उतरणारा फेस त्यांना पुरतो. पहिल्या फेरीत फेस होत नसेल तरच दुसरी, तीही निम्म्या मापाने. आता एक बाटली पंचवीस धुणी चालते आणि वर्षाला चारच्या थोड्या वर लागतात. कंडिशनर तिला एका वेळी 12 मिलिलिटर लागतो, म्हणजे वर्षाला सहाच्या थोड्या वर बाटल्या. दोन्ही मिळून साडेदहाच्या आसपास. पूर्वी नुसत्या शाम्पूच्याच तेवढ्या, किंबहुना एखादी जास्तच, लागत होत्या.

यात एक चूक हमखास होते, ती टाळा. शाम्पू पुरवायचा म्हणून बाटलीतच पाणी भरून ठेवू नका. टिकवण्यासाठी घातलेलं द्रव्यही त्या पाण्याने पातळ होतं आणि न्हाणीघराच्या उबेत बाटलीत जंतू वाढू शकतात. मिसळायचं ते मगमध्ये, त्या वेळेपुरतं.

कंडिशनर लावण्याआधी केस हाताने पिळून पाणी काढून टाका, नाहीतर निम्मा कंडिशनर सरळ मोरीत जातो. कानाच्या खालच्या केसांनाच लावा, तो केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर वर गुंता सोडवत या, मिनिटभर थांबा आणि धुवा. प्रमाण बरोबर आहे का, हे दुसऱ्या दिवशी कळतं. मुळाशी केस चपटे, तेलकट दिसले तर तुम्ही फार वरपर्यंत लावलात. मूळ ठीक पण कंगवा टोकांशी अडकतोय, तर कमी पडला. टॉवेलने टिपलेल्या टोकांवर नखाएवढा कंडिशनर चोळून तसाच राहू दिला की सीरमचं काम होतं. माझी सीरमची बाटली तेव्हापासून बंद झाली.

तेल की कंडिशनर, हा खरा अडणारा प्रश्न, कारण तेल बहुधा घरात असतंच. दोघांचं काम वेगळं आहे. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातून प्रथिनं निघून जाणं कमी करतं; 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत खोबरेलाने हे केलं, सूर्यफूल आणि खनिज तेलाने नाही. पण ओल्या केसांचा गुंता कंडिशनर जितका सहज सोडवतो तितका तेल सोडवत नाही. आणि तेलाची खरी किंमत बाटलीवर दिसत नाही: डोकं चिप्प भरून तेल लावलंत की ते काढायला शाम्पू दुप्पट लागतो आणि वर केलेली सगळी बचत वाहून जाते. म्हणून तेल वापरायचंच तर न्हाण्याआधी तासभर, लहान चमचाभर, फक्त खालच्या अर्ध्या केसांना. कुरळे आणि फार कोरडे केस असतील तर कंडिशनरच्या जोडीला हे जरूर करा. सरळ, बारीक केसांना दोन्हींची गरज मला दिसत नाही. तिथे मी नुसता कंडिशनर निवडेन.

टू-इन-वन बाटलीला नावं ठेवण्याची रीत आहे, ती मला पटत नाही. त्यातला कंडिशनरचा अंश फेस पाण्याने पातळ होताना सुटा होऊन केसावर बसतो, ही युक्ती खरोखर चालते. फक्त तो टाळूपासून टोकापर्यंत सगळीकडे सारखाच बसतो. चार-पाच बोटं लांबीच्या केसांना तेच हवं असतं, म्हणून आखूड केसांच्या मुलामुलींनी डोळे झाकून हीच घ्यावी. खांद्याखालच्या केसांत मात्र मूळ जड आणि टोकं तरीही राठ, अशी गत होते. तीन-चार आठवड्यांत तसं दिसू लागलं तर बाटली संपवा आणि पुढच्या वेळी दोन वेगळ्या घ्या.

अंगाच्या साबणाने डोकं धुणं सगळ्यात स्वस्त, पण साबण अल्कधर्मी असतो आणि केस त्याने खरखरीत होतात. पाणी जड असेल तर क्षार आणि साबण मिळून पांढुरका थर बसतो, जो बरेच जण कोंडा समजतात. शाम्पूची वडी ही वेगळी गोष्ट आहे. यादीत सुरुवातीला सोडियम कोकोइल आयसेथायोनेट असेल तर ती वडी साबण नाही, खुशाल घ्या. सोडियम पामेट किंवा सोडियम कोकोएट दिसलं तर तो साबणच.

कोंडा असेल तर मात्र हिशोब बदलतो. पिवळसर, तेलकट पापुद्रे आणि सोबत खाज असेल, तर नेहमीचा शाम्पू बदलून दुसरा आणल्याने काही होत नाही. अशा वेळी कंडिशनरचे पैसे तसेच ठेवा आणि शाम्पूच्या जागी कीटोकोनाझोल किंवा सेलेनियम सल्फाइडचा औषधी शाम्पू आणा. आठवड्यातून दोनदा, फक्त टाळूवर, तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचा. लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही, आणि बहुतेकांचा पैसा तिथेच वाया जातो. या काळात टाळूला तेल नको, कारण कोंड्याशी संबंधित मॅलासेझिया ही बुरशी त्वचेवरच्या मेदावर जगते. चार आठवड्यांत फरक नाही, टाळू लाल आहे किंवा एखाद्या जागी केसांचा चट्टा गेलाय, तर आणखी बाटल्या आणू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं मात्र नेहमीचंच आहे. कोणताही साधा शाम्पू ते थांबवत नाही.

या महिन्यात एकाच बाटलीचे पैसे असतील आणि घरात अर्धा शाम्पू शिल्लक असेल, तर लांब केसांच्या मुलींनी आधी कंडिशनरची छोटी बाटली आणावी आणि उरलेला शाम्पू मापाने वापरावा. माझ्या रूममेटने तसंच केलं. तिसऱ्या आठवड्यात तिने कंगवा दाखवला: पूर्वी न्हाल्यावर त्यात तुटक्या केसांचा बोळा निघायचा, त्या दिवशी बोटावर मोजता येतील एवढे केस होते. टोकांना आधीच फुटलेले फाटे मात्र तसेच राहिले. ते कशानेच जुळत नाहीत, ते तिने कात्रीने काढले.