कायमधारा की रयतवारी: शेतकऱ्याच्या बाजूने पाहिल्यास

स्पर्धा परीक्षेच्या उत्तरात असो की जमीन महसुलाच्या अभ्यासात, कायमधारा आणि रयतवारी या दोन पद्धतींपैकी शेतकऱ्याला कोणती बरी, यावर एक बाजू घ्यावीच लागते. बहुतेक टिपणांत धारा, म्हणजे जमिनीवरचा सरकारी कर, जड होता की हलका, एवढ्यावरच निकाल दिला जातो. आमच्या मते आधी दोन गोष्टी पाहाव्यात. आकडा कोणाच्या नावावर लिहिला होता? आणि भाव वाढले किंवा पडले की नफा-तोटा कोणाच्या पदरात पडत होता?

बंगालमध्ये 1793 साली कॉर्नवॉलिसने कायमधारा लावला. त्यात सरकार आणि जमीनदार यांच्यातला आकडा कायमचा ठरला. वसुलीचे साधारण अकरा भाग धरले, तर दहा सरकारचे आणि एक जमीनदाराचा. कसणाऱ्याने जमीनदाराला किती द्यायचे, हा आकडा मात्र तितका पक्का झाला नाही. रयतेला पट्टा द्यावा असा नियम होता, पण तो बराचसा कागदावर राहिला. त्यामुळे ‘कायम’ हा शब्द शेतकऱ्याला लागू होत नव्हता, आणि नवख्या वाचकाची पहिली चूक इथेच होते.

शेतकऱ्याच्या अंगावर हे कसे येई, ते पाहा. ठरल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी भरणा झाला नाही तर जमीनदारी लिलावात निघे. लिलाव टाळायला जमीनदाराला रोकड तातडीने हवी असे, म्हणून 1799 च्या कायद्याने त्याला कोर्टात न जाता कुळाचे पीक आणि गुरे जप्त करण्याची मुभा दिली. पुढे बर्दवानसारख्या मोठ्या जमीनदारीत वसुलीचा कायमचा मक्ता घेणारे पत्तनीदार आले, त्यांच्याखाली आणखी पोटपत्तनीदार, आणि प्रत्येकाचा वाटा एकाच शेतातून निघू लागला. सरकारचा आकडा स्थिर असल्यामुळे भाववाढीचा आणि नव्याने लागवडीखाली आलेल्या जमिनीचा फायदा या साखळीत वाटला जाई. कुळाला कायद्याने आधार मिळायला 1859 साल उजाडले: बारा वर्षे जमीन कसणाऱ्याला कब्जाहक्क. 1873 मध्ये पाबन्यात खंडवाढीविरुद्ध शेतकरी संघटित झाले. नंतर 1885 च्या कायद्याने अशा कुळाशी करार करून खंड वाढवायचा तर रुपयामागे फार तर दोन आणे, तेही पंधरा वर्षांतून एकदाच, अशी मर्यादा घातली.

आता रयतवारी, म्हणजे मध्ये जमीनदार न ठेवता सरकारने थेट शेतकऱ्याच्या नावावर धारा ठरवणे. मद्रासकडे रीड आणि मन्रो या इंग्रज अधिकाऱ्यांनी ती रुजवली. आपल्याकडची तिची खरी कसोटी पुणे जिल्ह्यात इंदापूरला लागली, आणि ती दोनदा लागली.

पहिला प्रयोग प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याचा. निव्वळ उत्पन्नाच्या 55 टक्के सरकारचे, असे त्याचे सूत्र. पण निव्वळ उत्पन्न काढायचे म्हणजे पीक, भाव, बैल, बी, मजुरी या सगळ्यांचा प्रत्येक जमिनीसाठी अंदाज हवा, आणि तो अंदाज शेवटी कारकुनांच्या हाती गेला. लाचेने नोंदी फिरल्या, भाव पडले, तरी धारा तसाच राहिला. जमिनी पडीक पडल्या, आणि कित्येक कुटुंबे हद्दीबाहेर निघून गेली. पडीक क्षेत्र वाढणे आणि गाव ओस पडणे ही धारा चुकल्याची सर्वांत खात्रीची खूण आहे. वसुलीचा आकडा मात्र फसवा असतो, कारण कर्ज काढून धारा भरला तरी तो पुराच दिसतो.

1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी उत्पन्नाचा अंदाज सोडून दिला आणि जमिनीची प्रत मोजली. 33 फुटी साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून भागआणे, म्हणजे सोळा आण्यांपैकी जमिनीची प्रत, ठरत: पावणेदोन हात खोल उत्तम काळी जमीन 16 आण्यांची, तीच एक हात खोल असेल तर 10 आण्यांची. चुनखडी, उतार किंवा पाणथळपणा असा दोष निघाला की प्रत एक पायरी खाली. कमाल दर, म्हणजे 16 आण्यांच्या जमिनीचा दर, तालुक्याचे हवामान, बाजार आणि मागचा वसूल पाहून लावत, आणि तो 30 वर्षे बदलत नसे. मधल्या काळात शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने विहीर पाडली तरी धारा वाढत नसे. नंबर, म्हणजे मोजणीत क्रमांक दिलेला जमिनीचा तुकडा, परवडत नसेल तर राजीनामा देऊन सोडता येई.

हिशेबासाठी 20 एकरांचा एक नंबर धरू. एक हात खोल काळी, चुनखडीचा दोष, म्हणून 8 आण्यांची प्रत. कमाल दर एकरी 12 आणे धरला, तर या जमिनीला एकरी 6 आणे, म्हणजे एकूण साडेसात रुपये. तीस वर्षांनी फेरआकारणीत दीडपट झाली: सव्वाअकरा रुपये. ज्वारी मणाला दोन रुपये असताना हे साडेपाच मणांच्या थोडे वर जाते, म्हणून वाढ सोसण्यासारखी दिसते. भाव एक रुपयावर आला की तोच धारा सव्वाअकरा मणांचा होतो. जुना धारा याच पडत्या भावात साडेसात मणांचा असता.

इंदापूरला नेमके हेच झाले. फेरआकारणी 1867 ची, आणि तिच्या आधी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाबरोबर सगळेच भाव चढलेले होते. युद्ध संपले, भाव उतरले, वाढीव धारा मात्र कायम. हप्ता रोख आणि तारखेला, म्हणून माणूस सावकाराकडे गेला. जमीन आता विकता आणि गहाण टाकता येत असल्यामुळे सावकारही सैल हाताने देई. मे 1875 मध्ये सुप्याला लोकांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्याआधीच, 1874 मध्ये, मुंबई सरकारने वाढीला मर्यादा घातल्या होत्या: तालुक्याला 33 टक्के, एका गावाला 66, एका खातेदाराला 100. शंभर टक्के वाढ ही ‘मर्यादा’ म्हणून लिहावी लागते, यातच मूळ दुखणे दिसते. 1879 च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांत कर्जाचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला.

मग बाजू कोणती घ्यायची? स्वतःच्या नावावर जमीन असलेल्या शेतकऱ्यासाठी आम्ही रयतवारी निवडू. नाव आणि आकडा त्याच्या हातात होता, त्यामुळे चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येई, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने 1870 च्या दशकात ते दाखवलेही. तरी दर हलका आणि दुष्काळात वसुलीची तहकुबी खरोखर मिळणारी, या दोन अटी नसतील तर प्रिंगलचे इंदापूर होते. बंगालच्या कुळाला भांडायला आकडाच नव्हता.

दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याला मात्र या निवडीने काही फरक पडत नाही. रयतवारीतही नाव खातेदाराचे असे, अर्धलीने कसणाऱ्याचे नव्हे. आणि सावकाराने जमीन घेतली की कालचा खातेदार त्याच शेतात कूळ होई. त्याला मुंबई प्रांतात 1939 आणि 1948 च्या कुळकायद्यांपर्यंत थांबावे लागले. बंगालच्या कुळाला निदान 1885 चा आधार होता, म्हणून खंडकऱ्यापुरते पाहिले तर उशिराचा बंगाल पुढे होता, हे टिपणात लिहायला हवे.