दोन ट्रायलोबाइट, दोन जाहिराती : कोणता घ्यावा?

कराडच्या एका शिक्षिकेने वर्गात दाखवण्यासाठी ट्रायलोबाइट या समुद्रात राहणाऱ्या, आता नामशेष झालेल्या कवचधारी प्राण्याचा एक जीवाश्म घ्यायचे ठरवले आणि दोन जाहिरातींची छायाचित्रे मला पाठवली. दोन्ही नमुने मोरोक्कोतील डेव्होनियन चुनखडीतले, म्हणजे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे, असल्याचा विक्रेत्यांचा दावा होता. पहिला ४,५०० रुपयांना होता आणि कुठेही तडा नसलेला, अगदी देखणा होता. दुसरा ६,२०० रुपयांना होता आणि दगडापासून जीवाश्मापर्यंत त्यावर एक आडवी, चिकटवलेली भेग होती. पहिल्या नजरेत कोणीही पहिलाच उचलेल.

माझ्या मते मात्र ती भेगच दुसऱ्याच्या बाजूने बोलते. खाणीत चुनखडी हातोड्याने फोडली जाते आणि आत ट्रायलोबाइट आहे हे बहुधा फुटलेल्या कडेवरच त्याचा छेद दिसल्यावर कळते. मग दोन्ही तुकडे जोडून वरचा दगड बारीक सुईसारख्या हत्याराने काढला जातो. म्हणून खऱ्या नमुन्यात भेग दगडातून सरळ जीवाश्मात शिरते आणि पलीकडे दगडातच बाहेर पडते, जशी ती दुसऱ्यात शिरली आहे. हत्याराचे आखूड ओरखडेही तिथे जीवाश्माभोवतीच्या खोलगट भागात आहेत, कवचावर जवळजवळ नाहीत. पहिल्यात एकच ओरखडा दगडावरून कवचावर अखंड गेलेला दिसतो, याचा अर्थ दोन्ही एकाच वेळी, एकाच पदार्थात कोरलेले किंवा साच्यातून काढलेले असावेत.

रंगानेही हेच सुचवले. दुसऱ्याचे कवच गडद तपकिरी ते काळे, कुठे फिकट, आणि ते जिथे उडाले आहे तिथे आतील करडा दगड दिसतो. पहिल्याचा काळा रंग डोके, खंड आणि शेपटी सगळीकडे सारखाच असून कडेवर तो आजूबाजूच्या दगडावर किंचित पसरला आहे. मोठे करून पाहिल्यावर त्या दगडात गोल, सुबक खळगे आढळले. दगडाचा चुरा राळेत मिसळून ओतताना अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचे ते ठसे असतात. डोळ्यांतही फरक आहे : दुसऱ्याच्या डोळ्यात भिंगांच्या सुट्या रांगा मोजता येतात, पहिल्याच्या डोळ्यावर नुसते अस्पष्ट ठिपके आहेत.

तरीही दुसऱ्याच्या बाबतीत छायाचित्रे सारे सांगत नाहीत. खऱ्या जीवाश्माचा तुटलेला काटा किंवा कवचाचा तुकडा राळेने पुन्हा घडवलेला असू शकतो. म्हणून मी बाईंना विक्रेत्याकडून बाजूने तिरप्या प्रकाशात घेतलेले, खालच्या बाजूचे आणि अतिनील दिव्याखालचे अशी तीन छायाचित्रे मागायला सांगितले. राळ बहुतेक वेळा निळसर पांढरी चमकते, परंतु कॅल्साइट हे चुनखडीतले खनिजही कधी चमकते, त्यामुळे चमकीपेक्षा तिची कड कुठे थांबते ते पाहावे.

एखाद्याने साताऱ्याच्या काळ्या पाषाणात ट्रायलोबाइट सापडल्याचे सांगितले, तर मात्र छायाचित्र पाहायचीही गरज नाही. आपला बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि ट्रायलोबाइट सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाले होते.

तिन्ही छायाचित्रे समाधानकारक आली, तर बाईंनी दुसराच घ्यावा, आणि दुरुस्ती किती झाली आहे हे विक्रेत्याकडून आधी लेखी मिळवावे.