ड्रोनच्या जादा बॅटऱ्या : दिवाळीपासूनच्या वापरानंतर

दिवाळीत पोरासाठी छोटा ड्रोन घेतला. कापूस वेचून झालेल्या वावरात तो रोज उडतो, त्यामुळे एका बॅटरीत भागेना. म्हणून ३.७ व्होल्टच्या जादा बॅटऱ्या ऑनलाइन मागवल्या. बॅकअप चांगला आहे, एकही फुगली नाही. तरी पूर्ण तारे देत नाही, कारण त्यांचा प्लग.

पांढरा, दोन पिनांचा, पिनांमधलं अंतर २ मिलिमीटर. याला पीएच २.० म्हणतात. पहिल्या खेपेच्या बॅटऱ्या ड्रोनला बरोबर लागल्या. त्याच पानावरून पुन्हा मागवल्या, तर प्लग तोच, पण प्लस-मायनस उलटे! प्लग उलटा घालता येत नाही, एवढीच काळजी त्याचा आकार घेतो. कोणत्या खाचेत लाल तार बसवायची हे बॅटरी बनवणारा ठरवतो आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी.

उलटी बॅटरी लावली तर स्विच बंद असला तरच वाचण्याची आशा. साध्या ब्रश मोटरच्या ड्रोनमध्ये प्रत्येक मोटरशी एक मॉस्फेट, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, आणि एक डायोड असतो. सुलट बॅटरीत डायोड करंट अडवतो. उलट्या बॅटरीत तो आणि मॉस्फेटच्या आतला डायोड दोन्ही उघडतात आणि जवळजवळ शॉर्ट होतो. क्षणात बोर्ड तापतो, जळका वास येतो.

म्हणून नवी बॅटरी आली की आधी मीटर. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा. जुनी चालू बॅटरी घ्या, प्लगचं तोंड आपल्याकडे आणि खाचेची बाजू वर. लाल टोक डाव्या भोकाला, काळं उजव्या. टोकं जाड असतील तर टाचण्या वापरा, फक्त त्या एकमेकींना टेकू देऊ नका. मग नवी बॅटरी तशीच धरून मोजा. माझ्याकडे जुनीवर ३.९ आलं, नवीवर उणे ३.८. आकडा थोडा इकडेतिकडे चालतो, चिन्ह मात्र सारखंच हवं.

चिन्ह उलटं आलं म्हणून बॅटरी फेकू नका, आणि दोन्ही तारा एकदम कापू तर मुळीच नका, कात्रीतच शॉर्ट होतो. प्लगच्या बाजूला छोटी खिडकी असते, तिच्यातून धातूची जिभली दिसते. सुईने ती दाबली की तार मागे निघते. पहिली निघाली की तिच्या टोकाला लगेच टेप गुंडाळा, मगच दुसरी काढा आणि पहिलीच्या जागी बसवा. जिभली किंचित वर उचलूनच आत ढकला, नाहीतर ती अडकत नाही. हलकं ओढून बघा, मग पुन्हा मीटर.

एवढं करून चार्जर विसरू नका. बॅटरीचा प्लग बदलला की तिच्यासोबत आलेला यूएसबी चार्जर तिला उलटा होतो. मी ड्रोनसोबतचाच चार्जर सगळ्यांना वापरतो आणि नवे दोन वेगळ्या डब्यात ठेवले.

पोराच्या रिमोटच्या गाडीलाही ७.४ व्होल्टची बॅटरी आहे, प्लग एसएम जातीचा. तिथेही हेच. एक्सटी३० प्लगच्या प्लास्टिकवर मात्र + आणि − कोरलेले असतात, त्यामुळे मोठ्या गाड्यांत घोळ कमी. तारा हाताने जोडलेल्या असतील तर तिथेही मीटर लावतोच.