सात महिने वापरल्यावर: मधेच गाणं थांबवणारे इअरबड्स

साडेचार हजारांचे हे बड्स घेऊन सात महिने झाले. आवाज छान आहे, बॅटरी ऑफिसचा जाण्या-येण्याचा प्रवास धरून दोन दिवस सहज जाते, कानात दुखत नाहीत. त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते तिसऱ्या महिन्यात सुरू झालेल्या एका दुखण्याबद्दल. त्यापायी मी हे बड्स विकायला काढले होते.

मी रोज पुण्यात वनाजहून मेट्रोने कल्याणीनगरला जाते. नळस्टॉप येईपर्यंत गाणं तीनदा थांबायचं. मी फोनला हात लावलेला नसायचा, फोन आलेला नसायचा. दोन-तीन सेकंदांनी आपोआप सुरू व्हायचं, पुढच्या वळणावर परत गप्प. आधी वाटलं ब्लूटूथ तुटतंय. म्हणून एकदा गाणं थांबल्या क्षणी फोनच्या स्क्रीनकडे बघितलं. ब्लूटूथचा सिग्नल नुसता अडखळत असता तर आवाज फाटला असता, पण स्क्रीनवर गाणं पुढे सरकताना दिसलं असतं. इथे चक्क पॉजची खूण बदलली होती. म्हणजे कोणीतरी फोनला 'थांब' असा हुकूम दिला होता. तो बोट लागून गेला असता तर माझ्या बड्सवर 'टिक' असा आवाज येतो, आणि गाणं आपलं आपण परत सुरू होत नाही. उरला एकच संशयित: बड कानात आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर.

सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवलं. तिथल्या माणसाने बड्स हातातही न घेता सांगितलं, "सेन्सर गेलाय, जोडी बदलावी लागेल, वॉरंटीत बसत नाही." का बसत नाही, ते विचारल्यावर त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

माझा मावसभाऊ तपकीर गल्लीत दुरुस्तीचं काम करतो. त्याने बड पालथा करून आतल्या बाजूची मसुराच्या दाण्याएवढी काळी खिडकी दाखवली. "ताई, सेन्सर गेला नाहीये गं, त्याला दिसत नाहीये." त्या खिडकीमागे एक बारीक एलईडी असतो. तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो, आणि शेजारचा सेन्सर किती प्रकाश परत आला ते मोजतो. कातडी जवळ असली की बराच परत येतो, म्हणजे बड कानात. परत येणारा प्रकाश ठरलेल्या पातळीखाली गेला की बड समजतो, काढला कानातून, आणि फोनला पॉज पाठवतो. (काही कंपन्यांच्या बड्समध्ये अशी खिडकी नसते, स्पर्श ओळखणारा वेगळा सेन्सर असतो. पुढचं सगळं खिडकीवाल्यांसाठी आहे.)

त्याने मला घरी करायला एक साधी चाचणी दिली. बड हातात धरायचा, गाणं लावायचं, खिडकीवर अंगठा ठेवायचा आणि उचलायचा. ठेवला की सुरू, उचलला की बंद, असं झालं तर सेन्सर जिवंत आहे. माझा डावा अगदी शहाण्यासारखा वागला. उजव्याची तऱ्हा उलटी होती: अंगठा उचलला तरी गाणं चालूच.

डाव्याचं कोडं आधी सुटलं, कारण त्याला वार होते. सोमवारी आणि गुरुवारी तो हमखास थांबायचा, बाकी दिवशी क्वचित. रविवारी आणि बुधवारी रात्री मी केस धुते आणि दुसऱ्या दिवशी मोकळे सोडते, इतर दिवशी वेणी असते. मोकळ्या केसांची एक बट कानावरून आत, खिडकी आणि कातडी यांच्या मधे जायची. प्रकाश केसांत विखुरतो, शोषला जातो, कातडीपर्यंत नीट पोहोचत नाही. मान वळवली की बट सरकते आणि गाणं पुन्हा सुरू. खात्री करायला एका सोमवारी मेट्रोत डाव्या बाजूचे केस पिनेने मागे बांधले, उजवे तसेच ठेवले आणि फक्त डावा बड वापरला. रामवाडीपर्यंत गाणं एकदाही थांबलं नाही. (हो, माझं स्टेशन मागेच गेलं. ऐकण्यात गुंग होते.)

उजव्याचं कारण तेल. खिडकीवर खोबरेल, कानातला मळ आणि धूळ यांचा पारदर्शक थर बसला होता, उजेडात तिरका धरल्यावरच दिसला. त्या थरावरूनच प्रकाश परत फिरत होता, म्हणून बडला सारखं वाटायचं की मी कानातच आहे. थर जाड आणि काळा झाला असता तर उलटं झालं असतं, कानात असूनही नाही असं वाटलं असतं. साफ करायला मऊ कोरडं कापड पुरलं नाही. मग कान साफ करायच्या कापसाच्या काडीचं टोक ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने अगदी जेमतेम ओलं करून फक्त खिडकी पुसली. जाळी खाली राहील असा बड धरला, म्हणजे ओघळ आत जाणार नाही. जाळीला अल्कोहोल लावू नका, आणि टाचणी तर अजिबात नको. वाळल्यावर अंगठ्याची चाचणी केली, उजवा सुधारला.

तरीही एक विचित्र प्रकार राहिला होता. मी एकाच, डाव्या बडवर ऐकत असताना आणि उजवा डबीत असताना कधीकधी गाणं थांबायचं. पर्स हलली की जास्तच. शेवटी डबी उघडून बघितली. माझ्या पर्समध्ये बडीशेपेची पुडी फुटली होती, जुन्या तिकिटांचा चुराही होता. उजव्या खाच्यात तळाशी असलेल्या दोन चार्जिंग पिनांपैकी एकीवर काळपट चिकट थर होता. पिन नीट टेकली नाही की बडला आपण डबीत आहोत हेच कळत नाही, तो फोनला जोडलेलाच राहतो. बोटाने उजवा बड किंचित हलवला तर डबीचा दिवा लुकलुकायचा आणि फोनवर उजवा बड दिसायचा, नाहीसा व्हायचा. प्रत्येक वेळी बडला वाटायचं मला बाहेर काढलं, परत ठेवलं. त्या गोंधळात डाव्याचं गाणं जायचं. मऊ कोरड्या ब्रशने पिना आणि खाचा झाडल्या, डबी उलटी करून टिचकी मारली. खाच्यात पाणी किंवा अल्कोहोल घातलं नाही. खाच्यातली घाणच रोज खिडकीवर परत बसत असणार, हे तेव्हा लक्षात आलं. आता दर रविवारी दोन्ही पुसते, पाच मिनिटांचं काम आहे. गेल्या तीन महिन्यांत वेणीच्या दिवशी गाणं क्वचितच थांबलंय.

मोकळ्या केसांवर मात्र पुसण्याचा उपाय नाही. त्या दिवशी मी ॲपमध्ये जाऊन कानातली ओळख बंद करते. कंपनीने हा पर्याय तीन मेनूंच्या खाली लपवलाय, याबद्दल एक तारा कापते. त्याचाही तोटा आहे: परवा बड्स काढून टेबलावर ठेवले आणि ऑडिओबुक अर्धा तास टेबललाच ऐकवत राहिलं. पुस्तक कुठवर ऐकलं होतं ते शोधायला पुढचा सगळा प्रवास गेला.